सिक्युरिटी एजन्सीचा करार हातात आलाय? बिल पास करण्याआधी त्याचं दोन पानांत टिपण असं काढा

फॅसिलिटीला नवीन रुजू झालं की पहिल्या आठवड्यात कुणीतरी चाळीस-पन्नास पानांची फाईल टेबलावर ठेवतं आणि सांगतं की हा सिक्युरिटीचा करार, महिन्याचं बिल तीन तारखेला येतं, सही तुझी. फाईल वाचली तर त्यात इंडेम्निटी आहे, आर्बिट्रेशन आहे, गुप्ततेचा क्लॉज आहे, पण रात्री अकराला डॉकवर माणूस असायला हवा का आणि नसला तर किती पैसे कापायचे हे एका जागी कुठेच लिहिलेलं नसतं. ते तुम्हालाच काढावं लागतं, चार कप्प्यांत: कुठे किती माणसं, कुठली शिफ्ट कशी भरायची, दंड कधी आणि किती, आणि बिल कसं मोजायचं.

मी चाकणच्या एका वेअरहाऊसचं उदाहरण घेऊन सांगतो. आकडे हिशोबाला सोयीचे घेतलेत पण रचना अगदी नेहमीची आहे. खाजगी एजन्सी, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, महिन्याचा दर गार्डमागे 26,000 रुपये. (सुरक्षा रक्षक मंडळाचे गार्ड असतील तर पगार आणि लेव्ही मंडळाकडे भरायची असते, तिथे हिशोब वेगळा, तो इथे धरलेला नाही.)

आधी सगळे कागद गोळा करा

करार म्हणजे एकच कागद नसतो. मूळ ॲग्रीमेंट, त्याची ॲनेक्श्चर्स, वर्क ऑर्डर, रेट शीट, आणि नंतर झालेले बदल, त्यातले निम्मे मेलवर. पहिलं काम म्हणजे हे सगळं तारखेनुसार लावायचं आणि मूळ ॲग्रीमेंटमध्ये एक वाक्य शोधायचं: कागदांत विरोध आला तर कुठला कागद वरचढ. हे वाक्य बहुतेक करारांत शेवटच्या पानांत असतं आणि तेच सगळ्यात जास्त उपयोगाला येतं, कारण विरोध हमखास असतो. आमच्या उदाहरणात स्कोपच्या क्लॉजमध्ये "दोन्ही गेटवर चोवीस तास" असं लिहिलंय, ॲनेक्श्चरमध्ये "8 गार्ड", आणि वर्क ऑर्डरमध्ये "9 गार्ड". कोण बरोबर हे अंदाजाने ठरवायचं नाही.

टिपणातल्या प्रत्येक ओळीसमोर क्लॉज नंबर आणि पान नंबर लिहायची सवय आत्ताच लावा. तीन महिन्यांनी एजन्सीचा फील्ड ऑफिसर समोर बसून "साहेब, असं कुठे लिहिलंय?" विचारतो तेव्हा तो नंबर हाताशी लागतो.

गार्ड मोजू नका, ड्युटी मोजा

एवढी एक गोष्ट नीट कळली तरी अर्धं काम होतं, म्हणून इथे जरा थांबतो. करार गार्डच्या भाषेत लिहिलेला असतो, "8 गार्ड", "1 लेडी गार्ड". पण साईट चालते पॉईंटवर. मेन गेट हा एक पॉईंट, तो चोवीस तास हवा म्हणजे आठ तासांच्या तीन ड्युट्या. मटेरियल गेट तसंच, तीन. लोडिंग डॉकवर सकाळी 7 ते रात्री 11, म्हणजे दोन ड्युट्या. झाल्या रोजच्या आठ ड्युट्या. शिवाय फ्रिस्किंगला, म्हणजे अंगझडतीला, एक लेडी गार्ड जनरल शिफ्टला, रविवार सोडून.

आता रोज आठ ड्युट्या म्हणजे आठ माणसं पुरतील का? नाही पुरत. प्रत्येकाला आठवड्याची एक सुट्टी असते, म्हणजे माणूस महिन्यात साधारण 26 ड्युट्या करतो. 30 दिवसांच्या महिन्यात आठ पॉईंट-ड्युट्यांच्या 240 ड्युट्या होतात, भागिले 26 केलं तर 9.23. म्हणजे साईटवर दहा चेहरे लागतात, आठ नेहमीचे आणि सुट्टीच्या दिवशी बदली येणारे दोन रिलीव्हर, आणि त्यातला दुसरा रिलीव्हर बहुतेक वेळ दुसऱ्या साईटला जाणारा. आता वरच्या कागदांतले 8 आणि 9 कुठून आले ते दिसतंय का? आठ हे रोजच्या ड्युट्या मोजून आलंय आणि नऊ हे कुणीतरी रिलीव्हर धरून, खाली राऊंड करून लिहिलंय. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत.

म्हणून टिपणाच्या पहिल्या कप्प्यात गार्डची संख्या पहिल्या रकान्यात लिहूच नका. आधी पॉईंटचं नाव, मग तास, मग आठवड्याचे किती दिवस, मग रोजच्या ड्युट्या, मग महिन्याच्या ड्युट्या, आणि सगळ्यात शेवटी किती चेहरे लागतील ते. त्याच ओळीत पॉईंटची खास अट लिहायची, म्हणजे कंट्रोल रूमला संगणक येणारा माणूस, मटेरियल गेटला चलन वाचता येणारा, जे काही करारात असेल ते. अट न लिहिल्याने काय होतं तर मटेरियल गेटचा अनुभवी माणूस सुट्टीवर गेला की त्याच्या जागी कालच भरती झालेला पोरगा उभा राहतो, हजेरीच्या मस्टरवर ड्युटी भरलेली दिसते आणि गाडी मात्र चलन न तपासता बाहेर जाते.

शिफ्ट भरली म्हणजे नक्की काय

दुसरा कप्पा कव्हरेजचा. इथे करारात तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, शिफ्टच्या वेळा आणि रात्रपाळीची तारीख. रात्री 11 ला सुरू होऊन सकाळी 7 ला संपणारी ड्युटी कुठल्या तारखेची? ड्युटी ज्या तारखेला सुरू झाली ती तारीख धरायची अशी पद्धत सगळ्यात सोपी. करारात नसेल तर लिहून ठरवून घ्या, कारण 31 तारखेची रात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरसारख्या सांध्यावर दोन्ही महिन्यांच्या बिलात घुसलेली मी पाहिली आहे, आणि ती चोरी नव्हती, मस्टर लिहिणारे दोन सुपरवायझर दोन पद्धतीने लिहीत होते एवढंच.

दुसरी, बदलीची मुदत. आमच्या उदाहरणात लिहिलंय की गैरहजर गार्डच्या जागी दोन तासांत बदली द्यायची आणि तोपर्यंत आधीच्या शिफ्टच्या माणसाने पॉईंट सोडायचा नाही. वाचायला छान आहे, पण याचा अर्थ सकाळी 7 ला सुटणारा रात्रपाळीचा माणूस 9 पर्यंत उभा. त्या दोन तासांचे पैसे त्याला कोण देणार, हे करारात शोधा. ओव्हरटाईम कायद्याने दुप्पट दराचा असतो. एजन्सीने द्यायचा असेल तर तसं लिहा, तुमच्या बिलात लावता येणार नसेल तर तेही लिहा.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, डबल ड्युटी. चांगल्या करारात एक वाक्य असतं की कुठल्याही गार्डला सलग दोन शिफ्ट लावायच्या नाहीत. प्रत्यक्षात माणूस कमी पडला की पहिला उपाय तोच. सोळा तास उभा राहिलेला माणूस पहाटे चारला डोळे उघडे ठेवू शकत नाही, आणि त्यात त्याचा दोष नसतो. म्हणून मस्टरवर हजर आणि गैरहजर एवढे दोनच रकाने ठेवू नका. तीन खुणा ठेवा, वेगळ्या माणसाने भरली तर `P`, डबलने भरली तर `D`, रिकामी राहिली तर `A`. एका पॉईंटच्या एका शिफ्टला एक ओळ आणि महिन्याचे 31 रकाने, शेवटी मोजणी अशी:

```
=COUNTIF(D4:AH4,"P")
=COUNTIF(D4:AH4,"D")
=COUNTIF(D4:AH4,"A")
```

तिन्हींची बेरीज महिन्याच्या दिवसांइतकी यायला हवी. आली नाही तर एखादा खण रिकामा सुटलाय. डबल कशी ओळखायची? मस्टरवरच्या सह्या बघून नाही. लागोपाठच्या दोन शिफ्टमध्ये तेच नाव येतंय का ते बघायचं आणि गेटवरच्या बायोमेट्रिकशी ताडायचं. बायोमेट्रिकवर सकाळी 6:50 ला आत आणि थेट रात्री 11:05 ला बाहेर, आणि मस्टरवर पहिल्या शिफ्टला एक नाव आणि दुसरीला भलतंच नाव असेल, तर दुसरा माणूस आलाच नव्हता.

दंड: प्रत्येक ओळीला पाच प्रश्न

दंडाचे क्लॉज विखुरलेले असतात. काही ॲनेक्श्चरमध्ये टेबल करून, काही स्कोपमध्ये एखाद्या वाक्याच्या शेवटी "अन्यथा योग्य ती वजावट केली जाईल" असे. शोधताना फक्त दंड हा शब्द शोधू नका, वजावट, कपात, वसुली, नुकसान हेही शोधा.

प्रत्येक दंडासमोर पाच उत्तरं लिहा: कशामुळे लागतो, कोण आणि कशावरून ठरवणार, कशाच्या हिशोबाने (ड्युटीमागे, घटनेमागे की दिवसामागे), किती, आणि महिन्याची कमाल मर्यादा काय. "योग्य ती वजावट" या वाक्याला पाचपैकी चार उत्तरं नसतात, म्हणजे त्यावर बिल कापायला गेलात की भांडण ठरलेलं. तिथे सरळ "रक्कम ठरलेली नाही" लिहा, मनाने आकडा घालू नका.

नवीन माणसाचा गोंधळ होतो तो इथे. ड्युटी रिकामी राहिली तर तिचे पैसे न देणं हा दंड नाही, काम झालंच नाही म्हणून पैसे नाहीत, बस. दंड त्याच्या वर असतो. आमच्या उदाहरणात रिकाम्या ड्युटीला पैसे नाहीत आणि वर 500 रुपये दंड, डबल ड्युटीला पैसे मिळतात पण 300 रुपये दंड, आणि महिन्याचा एकूण दंड त्या महिन्याच्या बिलाच्या 5 टक्क्यांवर जाणार नाही. टिपणात हे दोन वेगळ्या ओळींत लिहा, कारण 5 टक्क्यांची मर्यादा दंडाला लागते, न झालेल्या कामाच्या पैशांना नाही. एजन्सी दोन्ही मिळून मर्यादेत बसवू बघते.

चोरी किंवा मालाचं नुकसान हा तिसराच प्रकार, त्यात चौकशी कोण करणार, एजन्सीचा निष्काळजीपणा कसा ठरणार, भरपाईची मर्यादा किती, हे वेगळ्या परिच्छेदात काढा, दंडाच्या टेबलात कोंबू नका.

आणि एक ओळ आवर्जून शोधा, दंड गार्डच्या पगारातून वसूल करायचा नाही अशी. नसेल तर पुढच्या नूतनीकरणाला घाला. माझ्या पहिल्या साईटवर मी मोठ्या उत्साहाने दंड लावायचो आणि सहा महिन्यांनी एका गार्डने विचारलं की साहेब, गाडी उशिरा आली तर आमचे पाचशे का कापता. एजन्सी आपला दंड खाली ढकलत होती. ज्याचं रोस्टर चुकलं त्याला काहीच झळ नव्हती, आणि म्हणूनच रोस्टर सुधारत नव्हतं.

बिलाचा नियम: कशाने भागायचं

आता पैशांचा कप्पा. रेट शीट उघडा आणि दोन गोष्टी शोधा: 26,000 हा दर किती ड्युट्यांचा आहे, आणि त्यात रिलीव्हर धरलाय का.

रेट शीटवर बेसिक आणि विशेष भत्ता, घरभाडे, पीएफ, ईएसआय, बोनस, रजा, गणवेश असं एकाखाली एक असतं आणि खाली सर्व्हिस चार्जच्या आधी कधीकधी "रिलीव्हर 1/6" किंवा "16.67%" अशी ओळ असते. सहा दिवस एक माणूस, सातव्या दिवशी बदली, म्हणून एक षष्ठांश. ही ओळ असेल तर त्याचा अर्थ तुम्ही पूर्ण महिनाभराच्या पॉईंटचे पैसे देताय, सुट्टीच्या दिवसाच्या बदलीसकट. मग एका ड्युटीचा दर काढताना महिन्याच्या दिवसांनी भागायचं, 30 किंवा 31. ही ओळ नसेल तर दर 26 ड्युट्यांचा आहे आणि 26 ने भागायचं, रिलीव्हरच्या ड्युट्या वेगळ्या मोजल्या जातात. दोन्ही पद्धती बाजारात चालतात, दोन्ही सचोटीच्या आहेत. गडबड तेव्हा होते जेव्हा दरात रिलीव्हर धरलेला असतो आणि बिल 26 ने भागून येतं. तेव्हा तुम्ही रिलीव्हरचे पैसे दोनदा देता.

ऑक्टोबरचं बिल घेऊ. 31 दिवस, रोज आठ ड्युट्या, म्हणजे 248. रेट शीटवर रिलीव्हरची ओळ आहे. एजन्सीने 26,000 भागिले 26, म्हणजे ड्युटीला 1,000 धरून 248 ड्युट्यांचे 2,48,000 रुपये लावले. आमच्या मस्टरवर 239 `P`, 4 `D` आणि 5 `A`. म्हणजे भरलेल्या ड्युट्या 243. दर 26,000 भागिले 31, म्हणजे 838.71. गुणाकार केला की 2,03,806 रुपये. त्यातून रिकाम्या पाच ड्युट्यांचे 2,500 आणि डबलचे 1,200 असा 3,700 दंड, तो मर्यादेच्या आत आहे. राहिले 2,00,106. एजन्सीच्या आकड्यात आणि यात जवळजवळ 48,000 चा फरक आहे, आणि त्यातला मोठा भाग गैरहजेरीचा नाहीच, फक्त भागाकाराचा आहे.

उलटाही प्रकार होतो हे लक्षात ठेवा. रेट शीटवर रिलीव्हर नाही आणि अकाऊंट्सवाले "आठ गार्ड गुणिले 26,000" म्हणून 2,08,000 च देतात. मग एजन्सीला सुट्टीच्या बदलीचे पैसे मिळत नाहीत आणि ती सुट्ट्याच देत नाही. गार्ड महिन्याचे तीसच्या तीस दिवस उभे दिसले तर आधी स्वतःचं बिल तपासा.

लेडी गार्डची ओळ वेगळी काढा. तिचा पॉईंट रविवारी बंद, म्हणजे तिला रिलीव्हर लागतच नाही. पण करारात सगळ्यांना एकच दर लावलेला असतो, 26,000. त्यातला रिलीव्हरचा हिस्सा काढला, म्हणजे सहा-सप्तमांश केलं, तर दर सुमारे 22,300 येतो. महिन्याला साधारण 3,700 रुपये अशा बदलीचे जातात जी कधी येणारच नाही. करारात एकच दर लिहिला असेल तर तो द्यावा लागेल, मनाने कापता येणार नाही, पण टिपणात नोंद करा, वाटाघाटीला कामाला येते.

बाकीचे बिलाचे नियम पटकन. राष्ट्रीय सुट्टीला आणि महाराष्ट्र दिनाला (26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर) दुप्पट दर आहे का, आणि तो दरातच धरलाय की वेगळा लागतो. किमान वेतनाचा विशेष भत्ता महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, तेव्हा दर आपोआप वाढतो की सुधारित रेट शीट मंजूर झाल्यावर, आणि सर्व्हिस चार्ज टक्क्यांत आहे की ठरावीक रुपयांत, कारण टक्क्यांत असेल तर भत्त्याबरोबर एजन्सीची कमाईही वाढते. जीएसटी 18 टक्के, एजन्सी कंपनी असेल तर ती बिलात लावते, प्रोप्रायटर किंवा पार्टनरशिप असेल आणि तुमची कंपनी नोंदणीकृत असेल तर 1 जानेवारी 2019 पासून तो तुमच्या कंपनीने रिव्हर्स चार्जने, म्हणजे थेट सरकारकडे, भरायचा, बिलात लावून आला तर परत पाठवा. दंड बिलातच कमी करायचा की वेगळ्या नोटेने, हे अकाऊंट्सशी बोलून एकदाच ठरवा.

बिलासोबतचे कागद

करारात हमखास लिहिलेलं असतं की बिलासोबत त्या महिन्याचं पीएफ आणि ईएसआय चलन जोडावं. पण ऑक्टोबरचं चलन भरायची मुदत 15 नोव्हेंबर, आणि बिल येतं 3 नोव्हेंबरला. म्हणजे अक्षरशः वाचलं तर एकही बिल कधी पास होणार नाही. व्यवहारात मागच्या महिन्याचं चलन घेतात. टिपणात तसंच लिहा, "ऑक्टोबरच्या बिलासोबत सप्टेंबरचं चलन", आणि एजन्सीकडून मेलवर होकार घ्या.

चलनाची रक्कम बघून फाईलला लावणं म्हणजे तपासणी नव्हे. सोबत येणाऱ्या पीएफच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये, म्हणजे ईसीआरमध्ये, नावं असतात, ती सप्टेंबरच्या मस्टरशी लावा. मस्टरवर दहा नावं आणि ईसीआरमध्ये सात असतील तर तिघांचा पीएफ भरला गेलेला नाही, आणि एजन्सीने भरला नाही तर जबाबदारी मुख्य मालक म्हणून तुमच्या कंपनीवर येते. मी दर महिन्याला गेटवर जाऊन दोघा-तिघांना मोबाईलवर पासबुक दाखवायला सांगतो. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यांनाही कळतं की कुणीतरी बघतंय.

शेवटची पायरी

दोन पानांचं टिपण झालं की ते कपाटात ठेवू नका. एजन्सीच्या फील्ड ऑफिसरसमोर बसून ओळीने वाचा, पुढचं बिल येण्याच्या आधी. जिथे करार गप्प आहे किंवा गोंधळाचा आहे तिथे तशी नोंद केलेली असेलच (आमच्याकडे अशा चार ओळी निघाल्या, रात्रपाळीची तारीख, बदलीच्या दोन तासांचे पैसे, चलनाचा महिना आणि 8 की 9 गार्ड). त्या प्रत्येकावर काय ठरलं ते त्याच दिवशी मेल करा आणि करारावर सही करण्याचा अधिकार असलेल्या तुमच्या साहेबांना सीसीमध्ये ठेवा. दर किंवा ड्युट्यांची संख्या बदलत असेल तर मेल पुरत नाही, वर्क ऑर्डरची दुरुस्तीच हवी, आणि ती येईपर्यंत बिल जुन्या आकड्याने पास करायचं.